घसा दुखतोय, पण अँटिबायोटिक कुणाला?

नागपूरच्या जानेवारीत महाल भागातल्या एकाच घरातले दोघे माझ्याकडे आले: 8 वर्षांची पुतणी आणि 46 वर्षांचे काका. तक्रार एकच, गिळताना घसा दुखतो.

काकांचं नाक वाहत होतं, खोकला होता, आवाज बसलेला. ताप 99.5. हे चित्र विषाणूचं. मुलीला मात्र एकाएकी 102 ताप, खोकला अजिबात नाही, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखणाऱ्या.

घसादुखी स्ट्रेप या जिवाणूची आहे का याचा अंदाज देणाऱ्या मॅकआयझॅक स्कोअरमध्ये 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर ताप, खोकला नसणं, दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलची सूज किंवा पू यांना एकेक गुण. वय 3 ते 14 असेल तर एक जास्त, 45 किंवा पुढे असेल तर एक वजा. मुलीचे झाले 5, काकांचे उणे 1.

"मला अँटिबायोटिक लिहून द्या नं," काका म्हणाले. नाही दिली, गरम पाणी आणि पॅरासिटामॉल पुरे.

गंमत अशी की 4 किंवा जास्त गुण असले तरी जवळपास निम्म्यांनाच स्ट्रेप असतो. ग्रंथीज्वर या विषाणूच्या आजारातही टॉन्सिलवर असाच पांढरा थर येतो आणि त्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. म्हणून मुलीच्या घशाचा स्वॅब घेतला. कल्चरला एक-दोन दिवस लागले तरी चालतं, कारण दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांत औषध सुरू केलं तरी स्ट्रेपनंतर येऊ शकणारा संधिवाताचा ताप टळतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अमॉक्सिसिलिन, पूर्ण 10 दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी बंद करायचं नाही, हे आईला दोनदा सांगितलं.