फ्लॉवरचा भात की दुधीची धिरडी?

पोळी-भात कमी करायचा ठरवला की घरात पहिली सूचना येते ती ज्वारीच्या भाकरीची. मीही तिथूनच सुरुवात केली. भाकरीत तंतू जास्त हे खरं, पण कर्बोदकांच्या हिशेबात ज्वारी गव्हाच्या शेजारीच बसते. एका मध्यम भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातून 40 ग्रॅम कर्बोदकं सहज पोटात जातात. म्हणून भाकरी बाजूला ठेवली. (साबुदाणा आणि वरी उपासाला चालतात, इथे नाही.) उरले दोन पर्याय: तांदळाऐवजी किसलेल्या फ्लॉवरचा भात आणि बेसनात दुधी किसून घातलेली धिरडी. दोन्ही मी काही महिने आलटून पालटून खाल्ले.

आकड्यांत फ्लॉवर जिंकतो, त्यावर वादच नाही. दीडशे ग्रॅम फ्लॉवरमध्ये सात-आठ ग्रॅमच कर्बोदकं असतात. वाटीभर शिजलेल्या भातात चाळीसच्या पुढे. करायलाही फार अवघड नाही. मिक्सरला लावू नका, लगदा होतो. किसणीच्या जाड बाजूने किसायचा, पंचात घट्ट पिळायचा, पसरट कढईत जिरं-कढीपत्त्याच्या फोडणीवर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायचा. झाकण ठेवायचं नाही आणि मीठ अगदी शेवटी. फार शिजवला तर उग्र वास सुटतो, तोही डब्यात कोंडला की विचारू नका.

एवढं सगळं नीट केलं तरी माझं गाडं अडलं ते आमटीपाशी. भात आमटी पिऊन घेतो, फ्लॉवर स्वतःचंच पाणी सोडतो. आमसुलाची छान दाट आमटी वर घातली, दोन घास खाल्ले, की ताटात कडेने पिवळट पाणी वेगळं दिसायला लागायचं आणि मध्ये ओलसर कीस. कालवायचं म्हणून बोटं घातली तर घासच बांधला जात नाही. मग चमचा घेतला. वरण-भात चमच्याने खाताना मला दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं. कुणाला ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण रोज रात्री तेच पाणी बघून महिन्याभरात मी गुपचूप भाताच्या कुकरकडे वळायला लागलो होतो. कोरडा मसालेभात किंवा अंडा-भुर्जीसोबत खायचा असेल, तर फ्लॉवर उत्तम लागतो, हेही सांगायला हवं.

धिरड्यांचं गणित इतकं देखणं नाही. डाळीच्या पिठातही निम्म्याहून थोडी जास्त कर्बोदकं असतातच. फरक पडतो तो किती लागतं यात. माझं दुपारचं जेवण म्हणजे तीन पोळ्या आणि वाटीभर भात, म्हणजे शंभरेक ग्रॅम कर्बोदकं. आता 50 ग्रॅम बेसन आणि शंभर ग्रॅम किसलेला दुधी यांची दोन धिरडी होतात, तिशीच्या आसपास. बेसनात विसेक टक्के प्रथिनं असल्यामुळे असेल, पण तिसरं मागावंसं वाटत नाही.

नुसत्या बेसनाचा तोठरा बसतो, म्हणून दुधी. किसाला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवला की पाणी सुटतं. ते पिळून टाकायचं नाही, त्यातच पीठ, ओवा, हळद, ठेचलेली मिरची कालवायची आणि लागलंच तर दोन चमचे पाणी. (फ्लॉवरमध्ये जे पाणी शत्रू, ते इथे कामाला येतं.) तवा पुरता तापलेला हवा, नाहीतर धिरडं चिकटतं. कडा सुटून वरचा ओलेपणा गेला की मगच उलटायचं. जाड घातलं तर मधे कच्च्या पिठाची चव राहते, तेव्हा मी पहिलं धिरडं नेहमी मधोमध मोडून बघतो.

त्याच्यासोबत घरात जे शिजतं तेच: पालकाची ताकातली पातळ भाजी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, रात्री बांगड्याचा रस्सा किंवा चिकन. रश्शात बटाटा आणि आमटीत गूळ तेवढा नाही. धिरड्याचा तुकडा रश्शात बुडतो, भाजी उचलतो, आणि घरच्यांसाठी वेगळी भाजी करावी लागत नाही. डब्यात गार झाल्यावर थोडं चिवट होतं, तेवढं मी सोसतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर पोळी-भात एकदम तोडण्याआधी डोस डॉक्टरांना विचारा. खाणं कमी आणि औषध तेवढंच, यात साखर फार खाली जाऊ शकते. आणि आकडा अगदी कमीच ठेवायचा असेल, तर तुमच्यासाठी फ्लॉवरच बरा असू शकेल. आमच्याकडे मात्र तो पुन्हा रश्शाच्या भाजीत गेलाय आणि किसणीवर दुधी असतो.