गच्चीचं रेंडर: फोटोवर रंगवायचं की मॉडेलमधून काढायचं?

राजारामपुरीतल्या एका गच्चीसाठी मी दोन्ही करून पाहिलं. कठडा १००० मिमी, जिन्याच्या दाराची मोकळी उंची २१०० मिमी. दोन्हीला हात लावायचा नाही, ही अट.

फोटोवर कुंड्या, बाक आणि पर्गोला चढवणं एका संध्याकाळचं काम. घरच्यांना चित्र लगेच पटतं, कारण मागे त्यांचीच पाण्याची टाकी दिसते. पण मोबाइलची वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते. माझ्या चित्रात पर्गोल्याचे खांब दाराहून बुटके झाले होते आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोटो काढताना कठड्याला १ मीटरची पट्टी टेकवून ठेवली असती, तर चूक लगेच पकडली असती.

स्केचअपमध्ये थ्रीडी मॉडेल करायला मोजमाप घेण्यापासून दोन दिवस गेले. जुनी स्लॅब, कठडा आणि जिना वेगळ्या ग्रुपमध्ये घालून Lock केलं. मग खरी भानगड दिसली. १२० मिमी उंच लाकडी डेक टाकला की कठडा आकड्यात तोच, पण डेकवरून ८८० मिमी. दार १९८० मिमी. आणि डेकशिवायही कठड्याला लागून ४५० मिमीचा बाक ठेवला, तर त्यावर उभ्या राहिलेल्या पोराला कठडा उरतो ५५० मिमी! फोटोत हे कधीच कळलं नसतं.

शेवटी डेक रद्द केला, बाक आत सरकवला. गिऱ्हाइकाचा होकार मिळवायला फोटो चालेल. सुताराला द्यायला मॉडेलच.