किलोचा भाव की केक वेगळा आणि कारागिरी वेगळी? घरून ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी

घरच्या ओव्हनवर केक करून विकणाऱ्यांपुढे दर ठरवण्याचे मुख्यतः दोन रस्ते असतात. एक म्हणजे सरळ किलोचा भाव: साधा केक इतके रुपये किलो, थीमचा केक तितके रुपये किलो. दुसरा म्हणजे केकचे पैसे वेगळे आणि त्यावर जे घडवायचं त्याचे वेगळे. बायको आणि मी ठाण्यात घरूनच केक आणि कुकीजच्या ऑर्डरी घेतो, आणि दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे. सध्या दुसऱ्या पद्धतीने करतो. तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल तर तुमचा निर्णयही वेगळा असू शकतो, म्हणून दोन्हींबद्दल जे दिसलं ते मांडतो.

किलोच्या भावाची मोठी सोय म्हणजे तो सगळ्यांना कळतो. फोनवर पहिला प्रश्न ‘किलोला काय घेता?’ हाच असतो आणि त्याला एका वाक्यात उत्तर देता येतं. कोपऱ्यावरची बेकरीही त्याच भाषेत बोलते, त्यामुळे तुलना सोपी जाते. पाइनॅपल, बटरस्कॉच, ट्रफल, कडेला क्रीमची नक्षी आणि वर नाव, इतकंच काम असेल तर किलोचा भाव उत्तम चालतो. साध्या केकमध्ये सामान आणि मेहनत दोन्ही वजनाबरोबरच वाढतात, म्हणून हिशेब बिघडत नाही. नानकटाई, नाताळचा प्लम केक, दिवाळीचे कुकीजचे डबे हे सगळं आम्ही आजही वजनावरच विकतो.

अडचण थीमच्या केकपासून सुरू होते, आणि तीही सगळ्यात जास्त अर्ध्या किलोत. समजा पहिल्या वाढदिवसाचा जंगल थीमचा केक आहे: फॉन्डंटचे पाच प्राणी, दोन झाडं आणि १ चा आकडा. थीमचा भाव किलोला १२०० रुपये. अर्ध्या किलोचे झाले ६००. त्यात स्पंज, क्रीम, गनाश, बोर्ड, खोका आणि वीज धरून साधारण १८० जातात. फॉन्डंट, रंग आणि बाहेरून आणलेला नावाचा टॉपर यांचे १२०. हातात राहिले ३००. एक प्राणी नीट बनवायला आमचा चाळीसेक मिनिटांचा वेळ जातो, झाडं आणि आकडा मिळून आणखी तेवढाच. म्हणजे सजावटीचे चार तास. स्पंज, आयसिंग आणि जुळणी यांचा दीड तास धरला तर साडेपाच तासांचे ३०० रुपये, तासाला ५५ च्या आसपास.

हीच सजावट एक किलोवर केली तर १२०० येतात, सामानाला ४४० जातात, ७६० उरतात आणि काम फक्त अर्धा तास वाढतं. सिंह अर्ध्या किलोवर बसला म्हणून तो अर्ध्या वेळात होत नाही. किलोच्या भावात लहान केक मागणाऱ्याला तीच कारागिरी निम्म्या किमतीत मिळते आणि फरक आपल्या खिशातून जातो. यावर उपाय म्हणून काही जण थीमचा भाव वाढवतात. मग दोन किलोवाल्याला तो अवास्तव महाग वाटतो. काही जण अर्ध्या किलोत थीम घेतच नाहीत. हा नियम सरळ आहे आणि चालतोही, पण हल्ली चौकोनी कुटुंबाला अर्धा किलोच पुरतो, त्यामुळे बऱ्याच ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात.

आता वेगळ्या हिशेबाने तोच केक. साधा अर्धा किलो ४५०. सजावटीचा तास आम्ही १५० रुपये धरतो. मात्र गिऱ्हाइकाला तास कधीच सांगत नाही, वस्तूचा दर सांगतो, कारण तास सांगितले की ‘इतका वेळ कशाला लागतो?’ यावर चर्चा जाते. एक प्राणी १००, झाडं आणि आकडा मिळून १००, म्हणजे ६००. सामान १२०. एकूण ११७०. सामानाचे ३०० वजा करून ८७० उरतात, तासाला साधारण १५८.

६०० आणि ११७० यांतला फरक ऐकून गिऱ्हाईक पळेल, ही शंका रास्त आहे. काही जण जातातही. पण बहुतेक जण विचारतात की यातलं काय कमी करता येईल, आणि हा प्रश्न किलोच्या भावात कुणी विचारत नाही. तेव्हा आमचं ठरलेलं विचारणं असतं: या फोटोतली कुठली एक गोष्ट असायलाच हवी? उत्तर बहुधा चटकन येतं. सिंह हवा. मग एक सिंह १००, पानं क्रीमचीच नोझलने काढलेली ५०, सामान ५०, केक ४५०, असे ६५० होतात. गिऱ्हाइकाच्या बजेटमध्ये केक बसतो आणि आपला तासही बुडत नाही. दुसरीकडे ज्यांना सगळं जंगल हवंच असतं ते पाहतात की एक किलो घेतला तर साध्या केकचे ८५०, सजावट आणि सामान तेवढंच, म्हणजे १५७०. फक्त ४०० जास्त. त्यातले काही जण आपणहून एक किलोवर जातात.

तरीही खरं सांगायचं तर या आकडेमोडीमुळे आम्ही पद्धत बदलली नाही. आम्हाला टोचलं ते आदल्या दिवशी येणारं ‘फक्त’. भाव ठरलेला, आगाऊ रक्कम आलेली, केक ओव्हनमध्ये, आणि संध्याकाळी मेसेज: ‘दादा, नावाच्या बाजूला फक्त एक छोटं विमान लावा ना.’ मागणी वाईट हेतूने नसते. आईवडिलांना शेवटच्या क्षणी काहीतरी सुचतं आणि ते साहजिक आहे. पण किलोच्या भावात या विमानाला जागाच नाही. विमानाचं वजन ३० ग्रॅम. १२०० च्या भावाने त्याचे ३६ रुपये होतात आणि बनवायला अर्धा तास लागतो. ७५ मागितले तर समोरचा म्हणतो, वजन तर वाढलं नाही. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, कारण आपणच त्याला सांगितलेलं असतं की आम्ही वजनावर विकतो. याच भाषेमुळे आणखी एक वाद येतो: केक घरी काट्यावर ठेवल्यावर फॉन्डंट वजनात धरायचं की नाही. या दोन गोष्टींवर प्रत्येक वेळी बोलत बसण्याचा शीण मला केक करण्याच्या शिणापेक्षा जास्त वाटायचा. वेगळ्या दरात उत्तर तयार असतं: विमान ७५ रुपये, हवं तर कळवा.

त्या ‘फक्त’ला दुसरी मर्यादा सामानच घालून देतं. उभे राहणारे फॉन्डंटचे प्राणी आदल्या रात्री करून चालत नाहीत. शंभर ग्रॅम फॉन्डंटला साधारण अर्धा चमचा सीएमसी पावडर मळून ते दोन-तीन दिवस उघड्यावर सुकवावे लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे तेवढ्यानेही पाय मऊच राहतात. सिंह बोटाने हलकेच दाबून पाहावा. खूण उमटली तर तो क्रीमवर उभा राहणार नाही, मान टाकणार. फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटतो आणि रंग ओघळतो, म्हणून आम्ही प्राणी केक नेताना शेवटी बसवतो. त्यामुळे आमची अट अशी की डिझाइन तीन दिवस आधी पक्कं होणार, त्यानंतर फक्त क्रीमचं किंवा छापील टॉपरचं काम वाढवता येईल. ही अट किलोच्या भावातही घालता येते. पण वस्तूंची यादी आणि तिचे दर गिऱ्हाइकाच्या हातात असले की ती सहज पटते, हा माझा अनुभव.

फोटोवरून येणाऱ्या मागण्यांतला एक छुपा खर्चही यादीमुळेच दिसला. फोटोतला केक पुष्कळदा पूर्ण फॉन्डंटने मढवलेला असतो आणि मागणी असते व्हिप क्रीमच्या केकची. व्हिप क्रीमवर फॉन्डंटची पोळी टिकत नाही. क्रीमचा ओलावा ती शोषते, चिकट होते आणि खाली सरकते. मढवायचंच असेल तर खाली गनाश किंवा बटरक्रीमचा घट्ट थर लागतो. त्याचं सामान महाग आणि थंड करायला वेळही जास्त. किलोच्या भावात हे ‘थीम’ या एका शब्दात बुडून जातं. यादीत ‘फॉन्डंटचं आवरण’ ही स्वतंत्र ओळ असली की गिऱ्हाईकच म्हणतं, आवरण नको, क्रीमच ठेवा.

वेगळ्या दराचे तोटेही आहेत. भाव तोंडावर सांगता येत नाही. फोटो पाहून यादी करायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि त्यातल्या काही ऑर्डरी येतच नाहीत. शिवाय ‘कारागिरीचे पैसे वेगळे कशाला?’ हे ऐकावं लागतं. त्यावर मी सराफाकडच्या घडणावळीचा दाखला देतो: सोनं वजनावर, घडणावळ वेगळी. ते इथे सगळ्यांना लगेच कळतं.

कुकीजच्या बाबतीत तर मला फारशी शंका नाही. साध्या कुकीज वजनावर ठीक. पण बारशासाठी नाव घालून रॉयल आयसिंगच्या कुकीज मागितल्या की वजन विसरावं. पंचवीस ग्रॅमची एक धरली तर किलोत चाळीस बसतात. किलोला ६०० म्हणजे नगाला १५ रुपये. तीन रंगांच्या एका कुकीला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे चाळीस कुकीजना भाजणं सोडून जवळपास चार तास. शिवाय एक रंग सुकल्याशिवाय शेजारचा ओतता येत नाही, नाहीतर गडद रंग फिक्यात उतरतो. म्हणून आम्ही दर नगावर ठेवतो आणि तो रंगांच्या संख्येने वाढवतो.

तुमच्याकडे साध्या केकच्याच ऑर्डरी जास्त असतील आणि थीमचा केक कधीतरीच येत असेल, तर किलोचा भाव मोडण्याची घाई करू नका; थीमला एक किलोची किमान मर्यादा घाला, तेवढं पुरेल. पण फोटो पाठवून केक मागणारे जास्त असतील, तर माझं मत वेगळ्या दराकडे झुकतं. सुरुवात सोपी आहे: पुढच्या थीम केकच्या वेळी प्रत्येक वस्तूला लागलेला वेळ मोबाइलवर मोजून लिहून ठेवा. प्राणी, आकडा, फूल, ढग, नावाची पाटी, एवढ्या पाच ओळींचे दर लिहिले तरी बहुतेक फोटोंची यादी त्यातून होते.