दरमहा ४५ डॉलरचा सर्व्हर, जो कधी नव्हताच

चौदा महिने मी एका माणसाला दरमहा ४५ डॉलर 'सर्व्हर चार्जेस' म्हणून देत होतो. रक्कम एवढी मोठी नव्हती की रात्रीची झोप उडावी, आणि म्हणूनच मी कधी प्रश्न विचारला नाही. अशी फसवणूक टिकते ती याच आळसावर, आणि तो आळस माझाच होता.

काम साधं होतं. आमच्या ११ शाखांची विक्री एका ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नोंदली जाते. रोज सकाळी सातला प्रत्येक शाखाप्रमुखाला आदल्या दिवसाचा गोषवारा ईमेलने जावा, एवढंच हवं होतं. ओळखीतून एक फ्रीलान्सर मिळाला. उभारणीचे ३०० डॉलर त्याने वेगळे घेतले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कष्टाचे पैसे होते. पुढे म्हणाला, "हे चालवायला सर्व्हर चोवीस तास सुरू ठेवावा लागतो, त्याचं भाडं महिन्याला ४५." मी मान डोलावली.

तेराव्या महिन्यापासून गडबड सुरू झाली. पहिल्या सात शाखांना तोच ईमेल तीनदा यायला लागला, प्रत्येक वेळी साधारण पाव तासाच्या अंतराने, आणि उरलेल्या चार शाखांना काहीच नाही. त्याचं निदान तयार होतं: डेटा वाढलाय, सर्व्हरवर लोड येतोय, ११० डॉलरचा मोठा प्लॅन घ्यावा लागेल. मी पुरावा मागितल्यावर त्याने ऐटीत एक स्क्रीनशॉट पाठवला. तिथेच तो फसला. लाल रंगातल्या ओळी बघून मी घाबरेन असा त्याचा हिशोब असावा, आणि मी घाबरलोही. पण माझी भाची याच क्षेत्रात आहे. तिला तो फोटो पुढे पाठवला. त्यात हे होतं:

```
Task timed out after 900.00 seconds
Duration: 900000.00 ms  Billed Duration: 900000 ms
Memory Size: 1024 MB  Max Memory Used: 213 MB
```

दोन मिनिटांत तिचा फोन. "मामा, हा सर्व्हर नाहीच. हे लॅम्डा आहे."

एडब्ल्यूएस लॅम्डा म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं सर्व्हरलेस फंक्शन. तुमचा कोड तिथे नुसता पडून असतो. ठरलेल्या वेळी टायमर त्याला उठवतो, काम झालं की तो परत झोपतो. भाडं जागेपणाचं, झोपेचं नाही. चोवीस तास सुरू ठेवण्यासारखं तिथे काही नसतंच. आकारणी होते ती दिलेली मेमरी गुणिले चाललेले सेकंद या हिशोबाने, आणि दरमहा पहिले ४,००,००० जीबी-सेकंद फुकट असतात.

तिने माझा सगळ्यात वाईट महिना हिशोबाला घेतला. रोजची धाव पूर्ण १५ मिनिटं, म्हणजे ९०० सेकंद. रोज तीन धावा, ३० दिवस, मेमरी १ जीबी. एकूण ८१,००० जीबी-सेकंद. फुकट कोट्याच्या पाव भागापेक्षाही कमी. कोटा नाही असं धरलं तरी एका जीबी-सेकंदाचा मूळ दर ०.००००१६६६६७ डॉलर, म्हणजे महिन्याचे १ डॉलर ३५ सेंट. तेही रोज अपयशी ठरणाऱ्या महिन्याचे! सुरुवातीला हीच धाव चारेक मिनिटांत संपत असे, त्यामुळे त्या महिन्यांचा खर्च पैशांत सांगण्यासारखाही नव्हता.

आता ते तीन ईमेल. लॅम्डाची एक धाव १५ मिनिटांपेक्षा जास्त चालूच शकत नाही. ही मर्यादा पैसे भरून वाढत नाही, मोठा प्लॅन नावाची वस्तू तिथे नाही. टायमरने उठवलेलं फंक्शन असं मध्येच तुटलं, की यंत्रणा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते: पहिल्यांदा मिनिटभराने, नंतर दोन मिनिटांनी. प्रत्येक धाव पहिल्यापासून सुरू होते. म्हणून पहिल्या सात शाखांना तीन-तीन प्रती, आणि आठवीपाशी वेळ संपल्यामुळे पुढच्यांना शून्य. लोडबिड काही नव्हतं. स्क्रीनशॉटमध्येच दिसत होतं की १०२४ एमबी दिलेल्यांपैकी २१३ वापरात आहेत. मेमरी वाढवली की लॅम्डा त्या प्रमाणात प्रोसेसरही वाढवून देतो, हे खरं. पण आमचं फंक्शन हिशोब करण्यात नव्हे, बिलिंग सॉफ्टवेअरच्या उत्तराची वाट पाहण्यात वेळ घालवत होतं. वाट पाहणाऱ्याला मोठी खुर्ची दिली म्हणून समोरचा लवकर येत नाही.

मूळ कारण कोडमध्ये असणार, असा तिचा अंदाज होता: प्रत्येक शाखेची विक्री रोज पहिल्या दिवसापासून ओढली जात असावी. एका शाखेला २० सेकंद लागत होते, ते वाढत वाढत दोन मिनिटांवर गेले.

त्याच्यावर अन्याय नको म्हणून मी तिची उलटतपासणी केली. खरंच ४५ डॉलर लागू शकतात का? लागू शकतात, म्हणाली. फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये बसवलं आणि तिथून इंटरनेटवर जायचं असेल, तर सहसा नॅट गेटवे लागतो. तो मात्र तासावर भाडं घेतो, काम असो वा नसो. ताशी साडेचार सेंट धरले तर महिन्याला ३२ डॉलरच्या वर. पण ते बंदिस्त डेटाबेस असणाऱ्यांसाठी. आमचं फंक्शन उघड्या इंटरनेटवरून सॉफ्टवेअरशी बोलत होतं, त्याला खासगी नेटवर्कची गरजच नव्हती.

मग मी त्याच्याकडे क्लाउडचं मूळ बिल मागितलं. आला एक्सेलमध्ये बनवलेला कागद, वर त्याचं स्वतःचं नाव. मी म्हटलं, बिलिंगचं पान दाखवा, सेवानिहाय रक्कम दिसते ते. तर म्हणे त्यात इतर ग्राहकांची माहिती आहे. म्हणजे माझा 'सर्व्हर' सगळ्यांच्या समाईक खात्यात होता, आणि तो फुकट कोटाही त्या खात्याचाच. कोड मागितला तेव्हा फोन उचलणं बंद झालं. तो 'देखभालीचे ४५' म्हणाला असता तर कदाचित मी ते आनंदाने दिले असते. ६३० डॉलर गेले त्यापेक्षा हे जास्त सलतं.

खातं माझ्या ईमेलवर नसल्यामुळे परत मिळण्यासारखं काही नव्हतं. भाचीने माझ्या नावाने नवीन खातं उघडून सगळं पुन्हा लिहिलं. आता फक्त कालची विक्री ओढली जाते, आधीची बेरीज एका छोट्या फाइलमध्ये राहते. ११ शाखांचं काम मिनिटाच्या आत उरकतं, मेमरी २५६ एमबी. महिन्याचं बिल येतं ४० सेंट, आणि तेही लॅम्डाचं नव्हे, बिलिंग सॉफ्टवेअरची किल्ली, म्हणजे तिथे शिरायचा गुप्त कोड, सीक्रेट्स मॅनेजर नावाच्या तिजोरीत ठेवल्याचं.

जुनी किल्ली मी रद्द केली. तरी सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत रोज सकाळी नाकारलेल्या प्रयत्नांच्या तीन ओळी दिसतात: ७:००, ७:०१, ७:०३. त्याच्या खात्यातलं ते फंक्शन अजून उठतंय, आपटतंय, पुन्हा दोनदा उठतंय. बंद करायची त्याला गरज वाटत नसावी. त्याचा खर्च तरी कुठे होतोय?