एकच पुट्टी, दोन खोल्या, दोन तऱ्हेचे पोपडे: अकरा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटला रंग काढला. बेडरूमला सिमेंटचा गिलावा, हॉलला बिल्डरने केलेलं जिप्सम प्लास्टर. पेंटरने दोन्हीकडे पांढऱ्या सिमेंटची एकच पुट्टी दोन-दोन हात मारली, वर प्रायमर आणि रंग. गुढीपाडव्यापर्यंत दोन्ही खोल्या बिघडल्या, पण वेगवेगळ्या प्रकारे.

हॉलमध्ये कॅलेंडरची चिकटपट्टी काढताना तळहाताएवढा पापुद्रा हातात आला. त्याची मागची बाजू गुळगुळीत, कडक होती आणि वाकवल्यावर तो टक्‌कन मोडला. म्हणजे पुट्टी चांगली घट्ट झाली होती, तिने फक्त जिप्सम सोडलं होतं. जिप्समवर सिमेंटची पुट्टी मारायचीच नसते. पृष्ठभागावर धूळ असेल तर पकड आधीच कच्ची राहते. त्यात ओल मिळाली की सिमेंट आणि जिप्सममध्ये एट्रिंगाइटचे स्फटिक तयार होऊन फुगतात आणि थर वर उचलला जातो.

बेडरूमच्या पोपड्यामागे बोट फिरवलं तर पिठासारखी पूड लागली, आणि भिंतीवरही तीच. इथे पुट्टीच कच्ची राहिली होती. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. पेंटरने गिलावा न भिजवता पट्टी फिरवली आणि कोरड्या भिंतीने ते पाणी शोषून घेतलं. शिवाय जेवणाआधी कालवलेल्या घमेल्यात दुपारी परत पाणी घालून तोच माल लावलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा बोललो नाही याचं आजही वाईट वाटतं. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची असते. अशा भुसभुशीत थरावर कितीही चांगला प्रायमर मारा, तो वरवरच राहतो.

मे महिन्यात दुसऱ्या पेंटरकडून दुरुस्ती केली. बेडरूम गिलाव्यापर्यंत खरवडली, भिंत भिजवून वरचं पाणी ओसरू दिलं. वीस किलोच्या गोणीला साधारण साडेसात लिटर पाणी घेऊन, एका वेळी लागेल तेवढाच माल कालवला. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तळहात घासला तर जेमतेम पांढरा झाला. हॉलमध्ये मात्र पाणी मारलं नाही. सुटलेली पुट्टी काढली, धूळ पुसली, आधी प्रायमर, मग खड्ड्यांपुरती ॲक्रिलिक पुट्टी, घासून पुन्हा प्रायमर आणि रंग.

मधे अख्खा पावसाळा गेला. हॉलमध्ये चिकटपट्टी लावून खेचून पाहिली, काही सुटलं नाही. बेडरूममध्ये ड्रिल मारलं, भोकाची कड ढासळली नाही. फक्त बाथरूमलगतच्या भिंतीला खाली वीतभर पट्ट्यात फुगवटा आहे, पण तिथे ओल पाइपातून येते. पाइप दुरुस्त होऊन भिंत वाळेपर्यंत तिथे पुट्टी लावणार नाही.