दोन ट्रेनर, दोन प्रोफाइल: जळगावच्या पाइप कारखान्याने कोणाला बोलवावे?

जळगाव एमआयडीसीतला एक मध्यम पीव्हीसी पाइप कारखाना डोळ्यांसमोर धरू. तीन तुकड्या, प्रत्येकीचे उत्पादन महिन्याला साधारण १०० टन. मालकांना सुपरवायझरांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण हवे आहे, कारण स्क्रॅप वाढले आहे आणि शिफ्ट बदलताना रोज वाद होतात. एचआरच्या टेबलावर दोन प्रोफाइल आली आहेत. दोन्ही नमुन्यादाखल घेतली असली, तरी अशी प्रोफाइल खानदेशातल्या कुठल्याही कारखान्यात येतात.

पहिले प्रोफाइल चार पानी आहे. विषय: नेतृत्व, संवादकौशल्य, टीम बिल्डिंग, ताणव्यवस्थापन, वेळेचे नियोजन, विक्रीकौशल्य. श्रोते: 'कामगारांपासून संचालकांपर्यंत सर्व'. परिणाम: 'सहभागींचा अभिप्राय ५ पैकी ४.८' आणि 'उत्पादकतेत लक्षणीय वाढ'.

दुसरे दीड पानाचे आहे. विषय तीनच: नव्या माणसाला काम शिकवणे, शिफ्ट हँडओव्हर, साइज बदलताना वेळ आणि माल वाचवणे. श्रोते: सुपरवायझर आणि लाइन इनचार्ज, एका बॅचला जास्तीत जास्त २०. परिणाम: 'एका प्लास्टिक कारखान्यात तीन महिन्यांत स्क्रॅप ४.२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २९ टक्के घट'.

विषयांपुरते बोलायचे तर फार वेळ घालवायला नको. आपली अडचण स्क्रॅप आणि हँडओव्हरची आहे, म्हणून दुसरे प्रोफाइल जवळचे. डीलरांशी बोलणाऱ्या विक्री विभागासाठी माणूस हवा असता, तर पहिल्याचा विचार आधी केला असता.

श्रोत्यांची ओळ मात्र बारकाईने वाचावी. 'सर्वांसाठी' असे लिहिणाऱ्याला विचारा, की मशीन चालवणारा ऑपरेटर आणि त्याचा सुपरवायझर तुम्ही एकाच खोलीत बसवता का? 'हो' म्हणाले तर सावध व्हा. साहेब शेजारी बसलेला असताना साइज बदलताना नेमके काय चुकते, हे ऑपरेटर सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय प्रशिक्षणाला कामाचा मजकूर मिळत नाही. भाषेचेही तसेच. जळगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत सुपरवायझर मराठी, काही ऑपरेटर घरी लेवा बोली किंवा अहिराणी बोलणारे आणि काही उत्तर भारतातून आलेले, अशी सरमिसळ असते. स्लाइड इंग्रजी आणि बोलणे मराठी असेल, तर हिंदी बोलणारा ऑपरेटर दोन दिवस नुसता बसून राहतो. सरावाचे कागद कोणत्या भाषेत आहेत, ते आधीच मागवून घ्या.

आता परिणाम. इथेच निर्णय होतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांत मांडले: सत्र आवडले का, काही शिकले का, कामावर वागणे बदलले का, आणि कारखान्याच्या आकड्यांत फरक पडला का. पहिल्या प्रोफाइलमधला ४.८ हा आकडा पहिल्या पायरीचा आहे. जेवण चांगले आणि बोलणे रंगतदार असेल तरी तो मिळतो. 'लक्षणीय वाढ' कशात, किती दिवसांत, कोणी मोजली, हे लिहिलेले नाही, म्हणून ते वाक्य नसल्यासारखेच धरा.

दुसऱ्याचा आकडा चौथ्या पायरीचा आहे, म्हणून तो जास्त मोलाचा. पण तोही जसाच्या तसा घेऊ नका. शेतीच्या पाइपांची मागणी पावसाळ्यापूर्वी चढते. तेव्हा एकाच साइजचा माल लाइनवर लांबवर चालतो, डाय कमी वेळा बदलते आणि स्क्रॅप आपोआप उतरते. पावसाळ्यात छोट्या ऑर्डरी येतात, साइज वारंवार बदलते आणि स्क्रॅप चढते. फेब्रुवारीत सत्र घेऊन मेअखेर मोजणाऱ्याला हंगामच यश मिळवून देतो. म्हणून ट्रेनरकडे एकच गोष्ट मागा: ज्या तुकडीला प्रशिक्षण दिले नव्हते, तिचे त्याच महिन्यांचे आकडे. समजा त्यांनी हे दिले:

| तुकडी | आधीचे ३ महिने | नंतरचे ३ महिने | घट |
|---|---|---|---|
| प्रशिक्षण झालेली | ४.२% | ३.०% | १.२ |
| न झालेल्या | ४.०% | ३.२% | ०.८ |

प्रशिक्षण न घेताही ०.८ उतरले. प्रशिक्षणाच्या नावावर फार तर ०.४ टक्का जमा होतो. आपल्या एका तुकडीच्या १०० टनांवर तो महिन्याला ४०० किलो होतो. पीव्हीसीचे स्क्रॅप दळून पुन्हा वापरता येते, त्यामुळे पूर्ण कच्च्या मालाची किंमत वाचली असे धरू नये. दळणे, वीज, मजुरी आणि वाया गेलेला मशीनचा वेळ मिळून किलोमागे १५ रुपये धरले, तर बचत महिन्याला ६,००० रुपये. दोन दिवसांची फी ६०,००० असेल तर एका तुकडीत ती दहा महिन्यांत सुटते, आणि तीही बदल टिकला तर. '२९ टक्के घट' वाचून मनात येणारे चित्र आणि हा हिशोब यांत बरेच अंतर आहे. तरीही हा हिशोब मांडता येतो, हीच दुसऱ्या प्रोफाइलची जमेची बाजू.

आपल्याकडे मोजताना एक चूक सर्रास होते: सगळे स्क्रॅप एकाच काट्यावर वजन करून एकाच रकान्यात लिहितात. वीज गेली की बॅरलमध्ये अडकलेले पीव्हीसी उष्णतेने करपते, ते बाहेर काढून टाकावे लागते. त्याच्याशी सुपरवायझरच्या शिकण्याचा संबंध कमी. त्यामुळे वीज, स्टार्टअप, साइज बदल आणि मापातला दोष असे चार रकाने करा. प्रशिक्षणाचा परिणाम मधल्या दोन रकान्यांत शोधा. शिफ्ट फिरती असेल तर दिवस-रात्र असे न करता तुकडीनुसार लिहा.

स्क्रॅपच्या आधी वागणे बदलते, आणि ते लवकर दिसते. हँडओव्हर रजिस्टर उघडा. चालू साइज, झोनची तापमाने, अर्धवट राहिलेले काम आणि दोन्ही सुपरवायझरांच्या सह्या, या चारही गोष्टी शंभरांपैकी किती नोंदींत आहेत ते सत्राआधी मोजा, मग तिसाव्या आणि साठाव्या दिवशी मोजा. तिसाव्या दिवशी चढून साठाव्याला घसरले, तर वरिष्ठांनी रजिस्टर पाहणे सोडले आहे. हा दोष ट्रेनरच्या माथी मारू नये.

या कारखान्यासाठी आमची शिफारस दुसऱ्या प्रोफाइलची, पण अटींसह. सत्राआधी ट्रेनरने एक पूर्ण शिफ्ट बदल लाइनवर उभे राहून पाहावा. पहिल्या फेरीत एकच तुकडी घ्यावी, उरलेल्या दोन तुलनेसाठी राहू द्याव्यात. सत्र एप्रिल-मेच्या धावपळीत ठेवू नये, कारण त्या वेळी सुपरवायझर वर्गात बसला तरी लक्ष फोनवरच असते. ऑक्टोबर बरा, आणि आकडे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशीही ताडून पाहावेत. फीचा पाव भाग साठाव्या दिवसाच्या भेटीनंतर द्यायचा, असे कामाच्या पत्रातच लिहा. त्या भेटीत ट्रेनरने रजिस्टर आणि स्क्रॅपचे रकाने सुपरवायझरांसोबत बसून वाचायचे आहेत.