आधी फिरवावे की आधी सरकवावे?

सरकवण्याचे मॅट्रिक्स T आणि फिरवण्याचे R असेल, तर चित्र फिरवून सरकवायचे असताना T·R लिहावे की R·T, असा पेच एका सहकाऱ्याला पडला होता. बिंदू उभ्या स्तंभाच्या रूपात मांडला असेल, तर उजवीकडचे मॅट्रिक्स आधी लागू होते; त्यामुळे T·R म्हणजे आधी फिरवणे.

बिंदू (१००, ०), कोन ९० अंश आणि सरकवणे (५०, २०) असे धरू. T·R मध्ये तो (०, १००) वरून (५०, १२०) वर येतो, म्हणजे हवे तितकेच सरकणे होते. R·T मध्ये तो आधी (१५०, २०) वर आणि मग (−२०, १५०) वर, म्हणजे डाव्या कडेबाहेर जातो, कारण सरकवण्याची दिशाही आरंभबिंदूभोवती फिरते. चित्र रिकामे दिसले की मी पहिला संशय क्रमावरच घेतो.

गणनेचा खर्च सारखाच, कारण दोन्हींत शेवटी ३×३ चे एकच मॅट्रिक्स उरते. आकारबदल दोन्ही अक्षांवर समान असेल, तर तो फिरवण्याच्या आधी केला काय किंवा नंतर, फरक पडत नाही. असमान असेल आणि नंतर केला, तर चौरस सहसा तिरपा होतो.

फिरवलेले चित्र ठरावीक जागी ठेवायचे असल्यास T·R घ्यावे. सरकवण्याची दिशा चित्राच्या फिरलेल्या अक्षांनुसार हवी असल्यास R·T योग्य. केंद्र c भोवती फिरवण्यासाठी मात्र c इतके एकदाच सरकवून भागत नाही. तिथे T(c)·R·T(−c) लागते.